गोरी राजकन्या, बारीक बाहुली: मुलीशी बोलताना या चुका टाळा

तान्ह्या पोळ्याला कोण काय बनणार हे ठरत असतं आणि पाच वर्षांची पोरगी म्हणते, “मी राजकन्या नाही बनत. मी काळी आहे ना!” यावर घरातून हमखास येतं, “कोण म्हणते? तू तर गोरीच आहे!” नाहीतर थेट पावडरचा डबा निघतो. दोन्हींतून तिला कळतं ते एकच: राजकन्या गोरीच लागते.

त्याऐवजी विचारा, “हे तुला कशावरून वाटलं?” ती बहुतेक एखाद्या कार्टूनकडे बोट दाखवेल. मग तेच कार्टून तिच्याशेजारी बसून बघा. दुष्ट बाईला कोणता रंग दिलाय? चित्र काढणाऱ्यानं दोघींचे रंग अदलाबदल केले असते, तर गोष्ट अडली असती का? प्रश्न एक-दोनच. उत्तर तिला शोधू द्या. ‘कळतंय ना?’ म्हणत भाषण सुरू केलंत की ती मान डोलावते आणि विषय संपतो.

दुसरी चूक म्हणजे बाहुली काढून घेणं. हवीशी वस्तू गेल्याचं दुःख उरतं, बाकी काही नाही. शिवाय बाहुली हातात असली तर तिच्यावरच प्रयोग करता येतो. बार्बीसारख्या बाहुलीच्या कमरेभोवती दोरा एकदा गुंडाळून तेवढाच कापा. आता तो डोक्यापासून पायापर्यंत किती वेळा मावतो ते मुलीला मोजू द्या. जुन्या घडणीच्या बाहुलीत तो तीनाहून जास्त वेळा मावतो. मग मुलीच्या आणि आईच्या कमरेचा दोरा त्यांच्या-त्यांच्या उंचीला लावा, तो साधारण दोनदाच मावतो. ‘अशी कंबर खऱ्या माणसाची नसते’ हे मग सांगावं लागत नाही. चार वर्षांच्या मुलांना नुसतं मोजणं जमतं, त्याचा अर्थ लागायला थोडं वय लागतं.

हे लहानपणीच करायचं, कारण ब्रिटनमधल्या ५ ते ८ वर्षांच्या मुलींवर झालेल्या एका अभ्यासात (२००६) बार्बीची चित्रं पाहिल्यावर लहान मुलींना आपलं शरीर कमी आवडू लागल्याचं दिसलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मुलींवर तसा लगेच परिणाम दिसला नाही. बार्बी बनवणाऱ्या कंपनीनं २०१६ मध्ये भरल्या अंगाची बाहुलीही आणली. ती घ्या, हरकत नाही. पण सावळी किंवा भरल्या अंगाची एक बाहुली आणून दिली आणि झालं, असं होत नाही, कारण त्याच घरात मे महिन्यात ओरडा सुरू असतो: “उन्हात नको जाऊ, काळी पडशील!” नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, घरात थांबवायला तेवढं कारण पुरेसं आहे. ऊन लागेल, उलट्या होतील, हे सांगा. रंगाला त्यात ओढू नका. पाहुण्या आजी “पोरगी जरा सावळीच झाली” म्हणाल्या, तर मुलीसमोरच शांतपणे म्हणा, “हो, बाबांवर गेली. आणि सायकल मस्त चालवते, दाखव गं आजीला.”

मुलगी अंग घासघासून धूत असेल किंवा बारीक व्हायचं म्हणून जेवण टाळत असेल, तर दोऱ्याच्या खेळात वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे न्या.