दुसरी ऑफर नाकारताना दार उघडं ठेवा

एक ऑफर स्वीकारली की दुसरीकडच्या एचआरला नाही कसं म्हणायचं, या संकोचात बरेच जण फोनच उचलत नाहीत. तिकडे ती जागा अडून राहते. स्वीकारलेल्या नोकरीचं ऑफर लेटर हातात आलं की त्याच दिवशी आधी फोन करा, मग ईमेल पाठवा:

“नमस्कार मॅडम, ऑफरबद्दल मनापासून आभार. मी दुसरी संधी स्वीकारली आहे, त्यामुळे आपल्याकडे रुजू होऊ शकणार नाही. टेस्टिंग टीमच्या सरांनी ऑटोमेशनचं काम इतकं नीट समजावलं, ते लक्षात राहील. पुढे अशी जागा निघाली तर जरूर कळवा.”

मुलाखतीतली एखादी खरी गोष्ट लिहाच. त्यावरून तुम्ही त्यांच्या लक्षात राहता. नवा पगार मात्र सांगू नका, आकडा दिसला की घासाघीस सुरू होते.