दिवाळी हॅम्परची पोस्ट लिहिताना या चुका टाळा: दराचे टप्पे आणि ऑर्डरची शेवटची तारीख

गेल्या वर्षी आमच्या साताऱ्यातल्या दुकानाची कॉर्पोरेट हॅम्परची पोस्ट मीच लिहिली होती. ती अशी होती:

"आली आली दिवाळी! नात्यांचा गोडवा वाढवणारे खास गिफ्ट हॅम्पर! 25 ते 50 बॉक्स ₹575, 50 ते 100 बॉक्स ₹550, 100 च्या पुढे ₹525. ऑर्डर 8 ऑक्टोबरपर्यंत. त्वरा करा!"

फोटो झकास होता. कंदी पेढे, काजू कतली, चिवडा आणि दोन पणत्या. लाइक भरपूर आले आणि भांडणंही तेवढीच झाली. सगळी भांडणं या चार ओळींतूनच निघाली होती.

पहिला फोन 50 बॉक्सवाल्यांचा. 50 ला 575 की 550? दोन्ही टप्प्यांत 50 आहे म्हटल्यावर गिऱ्हाईक स्वस्तच दर धरणार. तीच गत 100 ची. टप्पे 25 ते 49, 50 ते 99 आणि 100 पासून पुढे असे लिहिले की विषय मिटतो. ही चूक सोपी आहे, एकदा कळली की परत होत नाही.

दुसरी मात्र कळायलाच वेळ लागला. एमआयडीसीतल्या एका कंपनीला 97 बॉक्स हवे होते. 550 ने बिल झालं 53,350. त्यांच्या अकाउंटवाल्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अहो, 100 घेतले तर 52,500 च होतात. तीन बॉक्स कमी घेऊन आम्ही 850 रुपये जास्त का द्यायचे?" दुकानातले काका गप्प. मीही गप्प.

काकांनी तिथल्या तिथे तोडगा काढला, "96 पासून 100 चाच दर लावू." ऐकायला बरं वाटतं, पण मग 96 चं बिल 50,400 आणि 95 चं 52,250. खड्डा बुजला नाही, एक पाऊल मागे सरकला. सगळ्या बॉक्सना एकच उतरता दर लावला की प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी हा खड्डा पडणारच. उपाय दराचा नाही, बिलाचा आहे. 96 ते 99 लागत असतील तर 100 चंच बिल करायचं आणि 100 बॉक्स द्यायचे. वरचे बॉक्स कंपनीत वॉचमनला, ड्रायव्हरला जातातच. खड्डा कुठे सुरू होतो हे शोधायला पुढच्या टप्प्याचं पहिलं बिल घ्यायचं आणि आधीच्या दराने भागायचं. 52,500 ला 550 ने भागलं की 95 आणि वर थोडं येतं, म्हणजे 96 पासून सांभाळायचं. दर बदलले की हा हिशेब पुन्हा करायचा.

आता जीएसटी. पोस्टमध्ये 525 लिहिलं, कर धरून की सोडून ते लिहिलंच नाही. कंपनीच्या लेखी खरेदी ऑर्डरवर 525 कर धरून असं आलं. म्हणजे बॉक्समागे आमच्या हातात 500, आणि 100 बॉक्सवर अडीच हजारांचा फटका. बरं, गिफ्ट म्हणून वाटलेल्या मालावर कंपनीला त्या कराचं क्रेडिट मिळत नाही. त्यामुळे त्यांच्या दृष्टीने कर हा खर्चच, आणि ते चार दुकानांचे दर कर धरूनच ताडून बघतात. म्हणून आकडा कर धरूनच छापायचा. "जीएसटी वेगळा" असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं कुणी वाचत नाही.

मिठाई 5 टक्क्यांत आहे, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पॅकबंद चिवडा-फरसाणही 5 टक्क्यांत आलं. पण हॅम्परमध्ये 18 टक्क्यांचा थर्मास घालून सगळ्याची एकच किंमत लावली, तर अख्ख्या हॅम्परला 18 टक्के लागतात. एका किमतीत वेगवेगळे जिन्नस दिले की त्यातला सगळ्यात वरचा दर लागू होतो. थर्मास द्यायचाच असेल तर वेगळा विका आणि बिलात वेगळा दाखवा. दुकान जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असेल तर गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, मग "कर वेगळा" हे शब्द पोस्टमध्ये येताच कामा नयेत.

सगळ्यात महाग पडली ती तारीख. "ऑर्डर 8 ऑक्टोबरपर्यंत." एका कंपनीच्या साहेबांनी 8 तारखेला संध्याकाळी फोन करून "आमचे धरा 140" सांगितलं. लोगोची फाइल आली 13 ला, ॲडव्हान्स त्याच्याही नंतर. लक्ष्मीपूजन 21 ला. साहेबांच्या हिशेबाने ऑर्डर वेळेत होती, आणि पोस्ट वाचली तर त्यांचं चुकलंही नव्हतं. ऑर्डर म्हणजे फोन, आकडा, लोगो की पैसे, हे आम्ही सांगितलं कुठे होतं? शेवटी बॉक्स छापून देणाऱ्या बॉक्सवाल्याने हात वर केले आणि आम्ही रात्री बसून साध्या बॉक्सवर लोगोचे स्टिकर चिकटवले. निम्मे तिरके.

लोकांना वाटतं तारीख मिठाईसाठी असते. तसं नाही. पेढा शेवटच्या दोन दिवसांतच वळायचा असतो, आधी करून ठेवला तर वाटायच्या दिवशी शिळा. तारीख ठरते ती बॉक्सवरून. त्यामुळे उलटं मोजा. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला, रविवारी आहे. कंपन्या गुरुवार-शुक्रवारी गिफ्ट वाटणार, म्हणजे माल 3 ते 5 नोव्हेंबरला पोचायला हवा. भरायला दोन दिवस. छापील बॉक्स त्याच्या आधी गोदामात हवेत, आणि आमच्या बॉक्सवाल्याला फाइल पक्की झाल्यापासून आठ दिवस लागतात. त्याच्या चुकीला, उशिराला चार दिवस हाताशी. म्हणून लोगोवाल्यांना 17 ऑक्टोबर, साध्या बॉक्सवाल्यांना 24. एकच तारीख ठेवली तर एकतर साध्यांना उगाच घाई होते, नाहीतर लोगोवाल्यांना उशीर.

तारखेसोबत वर्षही लिहा. "या शनिवारपर्यंत" तर अजिबात नको. व्हॉट्सॲपवर पोस्ट फिरत राहते. एकाने तर आमची आदल्या वर्षीची पोस्ट दाखवून जुना दर मागितला होता, आणि पोस्टवर वर्ष नसल्याने काकांना नाही म्हणता आलं नाही.

इन्स्टाग्रामवर पहिल्या सव्वाशेक अक्षरांनंतर मजकूर "अधिक" मागे जातो. म्हणून "आली आली दिवाळी" खाली, आकडे वर. आणि वजन बॉक्सचं नाही, आतल्या मालाचं लिहायचं.

यंदाची पोस्ट आम्ही अशी केली आहे:

"दिवाळी 2026 कॉर्पोरेट हॅम्पर. कमीत कमी 25 बॉक्स, ₹540 पासून, जीएसटी धरून. लोगोसह 17 ऑक्टोबर, साधे 24 ऑक्टोबरपर्यंत.

कंदी पेढे 250 ग्रॅम, काजू कतली 200 ग्रॅम, चिवडा 200 ग्रॅम, पणत्या 2.

25 ते 49: ₹590
50 ते 99: ₹565
100 पासून पुढे: ₹540

48-49 लागत असतील तर 50 चं, 96 ते 99 लागत असतील तर 100 चं बिल करतो, वरचे बॉक्स तुमचेच.

पक्का आकडा, निम्मा ॲडव्हान्स आणि लोगो असल्यास फाइल हातात आली की ऑर्डर पक्की. पोच 3 ते 5 नोव्हेंबर, सातारा शहर आणि एमआयडीसीत एका पत्त्यावर मोफत. पेढे पोच होण्याआधीच्या दोन दिवसांत केलेले. दर 24 ऑक्टोबर 2026 पर्यंतच."

काकांना ती रुक्ष वाटली. "जरा गोडवा घाल की," म्हणाले. मग शेवटी "दिवाळीच्या आगाऊ शुभेच्छा" घातलं.