मैत्रीण ‘मी आले’ म्हणाली तेव्हा : पारलिंगी मैत्रिणीशी मराठीत कसं बोलावं

पुण्यात झेड ब्रिजवर गाडी लावून आम्ही दोघी कणीस खात होतो. दोघी हा शब्द मी आज लिहिते आहे. त्या संध्याकाळपर्यंत मी तिला शाळेतला मित्र समजत होते. बोलता बोलता ती म्हणाली, “मी कालच भेटायला आले असते, पण धीर होत नव्हता.” इतकी वर्षं तिच्या तोंडी ‘आलो’ ऐकलेलं. मग तिने सांगितलं की ती मुलगी आहे, आणि आपलं नाव सांगितलं. ते नाव तिच्या परवानगीशिवाय मी इथे लिहिणार नाही.

कुणी आपल्याला असं काही सांगतं तेव्हा नेमकं काय करायचं, हे मी तिच्याकडून आणि स्वतःच्या चुकांतून शिकले. तुमच्यावर असा विश्वास कुणी टाकला, तर उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

पहिलं वाक्य छोटं असू द्या

“बरं झालं मला सांगितलंस.” एवढं पुरतं. तिने दिलेलं नाव त्याच बैठकीत एकदा सहज वापरा, म्हणजे ते तुम्ही ऐकलं आणि घेतलं हे तिला कळतं. मग शांत राहा. तिला आणखी बोलायचं असेल तर ती बोलेल, नाहीतर कणीस संपवा.

“मला आधीपासूनच माहीत होतं” हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी टाळा. तिने धीर गोळा करून सांगितलेली गोष्ट तुम्ही तिच्या हातातून काढून घेता. “किती धाडसी आहेस” हेही नको, कारण त्यानंतर तिला धाडसी दिसत राहावं लागतं. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, पण तिला तुमची समजूत काढायला लावू नका.

प्रश्न तर सगळेच बाजूला ठेवा. खात्री आहे का, केव्हापासून, ऑपरेशन करणार का. हा शेवटचा प्रश्न लोक फार सहज विचारतात. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आपलं लिंग ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा स्वतःचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येत नाही. न्यायालयाने जी अट नको म्हटली ती मैत्रिणीने का घालावी?

विचारायचा एकच प्रश्न

“हे कुणासमोर बोलायचं आणि कुणासमोर नाही?” हा प्रश्न कुतूहलापोटी नाही, तिच्या सुरक्षिततेसाठी आहे. माझ्या मैत्रिणीने मला आणि ऑफिसातल्या एकीला सांगितलं होतं, घरी नाही. म्हणजे घरच्यांसमोर जुनंच नाव घ्यायचं. ते खोटं वागणं नाही, तिने ठरवलेलं आहे. फोनमध्ये तिचं नाव बदलायचं असेल तर तेही तिला विचारून, कारण कॉल आला की ते नाव शेजारी बसलेला माणूसही वाचतो.

क्रियापदं

खरी मेहनत इथे आहे. इंग्रजीत समोरच्याशी बोलताना ‘यू’ म्हटलं की भागतं. मराठीत ‘जेवलास’ की ‘जेवलीस’, ‘करतोस’ की ‘करतेस’, ‘काय रे’ की ‘काय गं’, दर दोन वाक्यांना निवड करावी लागते. म्हणून चुका होतात. पण म्हणूनच एक साधं ‘दमलीस का गं?’ जे पोचवतं, ते लांबलचक भाषण पोचवत नाही.

तिच्या स्वतःच्या बोलण्याकडे कान ठेवा. ती ‘मी गेले’, ‘मी करते’ म्हणत असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं. अजून ती ‘गेलो’ म्हणत असेल किंवा तुम्हाला अंदाज येत नसेल, तर मराठीतच वाट आहे. ‘कुठे आहेस’, ‘येशील ना’, ‘भूक लागली का’ यांत लिंग कळत नाही. भूतकाळात कर्म असेल तर क्रियापद बहुतेकदा कर्माप्रमाणे चालतं. ‘चहा घेतलास का’, ‘पोळी खाल्लीस का’ हे आपण मुलालाही तसंच विचारतो आणि मुलीलाही. घसरायला होतं ते आलास, गेलास, दमलास, पोचलास, विसरलास, म्हणालास इथे. या पाच-सहा क्रियापदांवर लक्ष ठेवलं की बरंचसं काम होतं.

सराव तिच्यासमोर करू नका. मी आठवडाभर स्वयंपाक करताना एकटीच मोठ्याने तिच्याबद्दल बोलायचे. ती आली, ती म्हणाली, तिची गाडी बंद पडली. जुन्या आठवणीही तशाच सांगून बघा, “शाळेत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची.” सगळ्यात जास्त जीभ तिथेच अडखळते, कारण आठवणीतलं चित्र जुनं असतं.

घरून फोन आला तर

एकदा आम्ही जेवत असताना तिच्या आईचा मला फोन आला. तिचा लागत नव्हता. “निघाला का गं?” मैत्रीण समोरच बसलेली, घास हातात तसाच. तिच्या तोंडावर ‘तो निघालाय’ म्हणायला माझी जीभ उचलेना, आणि ‘ती’ म्हणणं तर शक्यच नव्हतं. मी म्हणाले, “काकू, आमचं जेवण झालंच आहे, आम्ही निघतोच. अर्ध्या तासात घरी पोचेल.” ‘आम्ही’मध्ये दोघी मावतात आणि ‘पोचेल’ला तो-ती लागत नाही. फोन ठेवल्यावर तिने फक्त माझ्या ताटात भाकरीचा तुकडा वाढला. मात्र दर वेळी अशी वाट सुचेलच असं नाही. नाही सुचली तर तिने सांगितलेलं जुनं नाव घ्या आणि नंतर त्यावर खल करत बसू नका.

चुकल्यावर

दुरुस्त करा आणि वाक्य पुढे न्या. “तू आलास, आलीस तेव्हा पाऊस होता ना?” संपलं. मी पहिल्यांदा चुकले तेव्हा पाच मिनिटं माफी मागत बसले आणि शेवटी तीच मला “असू दे गं” म्हणत राहिली. ती माफी तिच्यासाठी नव्हतीच, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून होती. चुका होत राहिल्या तर ती तुम्हाला सांगेलच असं नाही. ती स्वतःबद्दल बोलायचं टाळू लागली, नुसतं ‘हो’, ‘बरं’ करू लागली, तर ओळखा.

सांगितल्याच्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी एक साधा निरोप जाऊ द्या, नेहमीचाच : शनिवारी भाजी आणायला येतेस का? गप्प राहिलात तर ती तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसते.

प्रश्न न विचारण्याच्या नियमाला आणखी एकच अपवाद आहे. घरी कोंडून ठेवतात, मारतात किंवा जगावंसं वाटत नाही असं ती म्हणाली, तर सरळ विचारा, आज रात्री एकटी आहेस का, जिवाचं काही करायचा विचार येतो का. तिला एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे दोघींनी मिळून फोन केला तरी चालतो.

परवा सिंहगड चढताना अर्ध्या वाटेवर मी मागे वळून विचारलं, “दमलास? दमलीस?”

“दमले,” ती म्हणाली, आणि पाण्याची बाटली मागितली.