डोक्यावरचा नाण्याएवढा ठणका: त्याची सीमा कशी आखावी

डोक्याच्या त्वचेवर एकाच ठिकाणी, एखादं नाणं ठेवल्यासारखा गोल भाग दुखतो आणि त्याच्या बाहेर काहीच दुखत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना सहसा दोन उत्तरं मिळतात. एक, ‘कोंडा असेल, शाम्पू बदला’. दुसरं, ‘नस दबली असेल’. दोन्ही बहुतेक वेळा डोक्याला हात न लावताच दिलेली असतात, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. या दुखण्याला नम्युलर हेडेक असं नाव आहे. लॅटिनमध्ये ‘नुम्मुस’ म्हणजे नाणं. स्पेनमधल्या हुआन पारेखा यांनी सहकाऱ्यांसह 2002 मध्ये 13 रुग्णांवरून त्याचं पहिलं वर्णन केलं. आता डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही त्याला स्वतंत्र जागा आहे.

त्या वर्गीकरणातली ओळख अशी: दुखणं फक्त डोक्याच्या त्वचेच्या एका भागात असतं, तो भाग गोल किंवा लंबगोल असतो, 1 ते 6 सेंटिमीटर व्यासाचा असतो, त्याची कड स्पष्ट असते आणि आकार-जागा बदलत नाही. ‘स्पष्ट कड’ आणि ‘न बदलणारी जागा’ या दोन गोष्टी तपासायच्या, एवढंच खरं काम आहे.

आधी त्वचा पाहा. भरपूर उजेडात केस बाजूला करून खपली, पुटकुळी, लाली, गाठ, केसतोड काही दिसतं का ते कोणाकडून तरी बघून घ्या किंवा जवळून फोटो काढा. काही दिसलं तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मात्र एक लक्षात ठेवा: काही जणांच्या दुखऱ्या वर्तुळातले केस नंतर विरळ होतात, त्वचा किंचित खोल जाते. म्हणून दुखणं आधी आलं की त्वचेतला बदल, हा प्रश्न विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दुखणं नुकतंच, चार-सहा दिवसांपूर्वी सुरू झालं असेल तर रोज त्वचा पाहत राहा. नागिणीत आधी दुखतं आणि फोड मागाहून येतात. फोड दिसले की 72 तासांच्या आत औषध सुरू झालेलं बरं.

आता सीमा आखण्याचं काम. इथेच मी सुरुवातीची काही वर्षं चुकत होतो.

मी बोटाने दाबत जायचो आणि विचारायचो, ‘इथे दुखतंय? आणि इथे?’ दाबल्यावर कोणाच्याही डोक्याची त्वचा थोडी दुखते, आणि आठवडे-आठवडे तिथे चोळणाऱ्याची तर आजूबाजूचीही दुखते. शिवाय असं विचारत गेलं की माणूस ‘हो’ म्हणत जातो. एका 41 वर्षांच्या बाईंचं वर्तुळ मी असंच आखलं आणि ते 9 सेंटिमीटरचं, वेडंवाकडं निघालं. आकार बसत नाही म्हणून मी ते निदान बाजूला ठेवलं. चूक माझ्या बोटाची होती. आपोआप कुठे दुखतं आणि दाबल्यावर कुठे दुखतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीमा पहिल्या प्रश्नाची आखायची असते.

त्यामुळे आता क्रम असा ठेवतो. दुखत असतानाच बसायचं. दुखणाऱ्याने डोळे मिटून, न दाबता, एकाच बोटाच्या टोकाने दुखऱ्या भागाच्या कडेवरून फिरायचं. सगळा तळहात डोक्यावर फिरला तर ते दुखणं बहुधा हे नव्हे. दुसऱ्या माणसाने ती रेघ आयब्रो पेन्सिलने उमटवायची. मग कापसाचा पातळ पिळा घेऊन बाहेरून आत, आठ दिशांनी हळूहळू सरकवायचा. काहीही विचारायचं नाही. स्पर्श बदलला, बधिर वाटला, झिणझिण्या आल्या किंवा नकोसा झाला की दुखणाऱ्याने स्वतःहून ‘आता’ म्हणायचं. हे बिंदू वेगळ्या रंगाने मांडा. ते पहिल्या रेघेशी जुळतात किंवा जुळत नाहीत, काहींना तर स्पर्शात फरक जाणवतच नाही. त्याने निदान मोडत नाही.

पुढची पायरी लोक हमखास गाळतात: मोजमाप. केसात केलेली खूण दुसऱ्या दिवशी राहत नाही, आणि ‘कानाच्या वर थोडं’ असं लिहून काही कळत नाही. नाकाच्या मुळापासून मधल्या रेषेवरून मागे किती सेंटिमीटर, आणि तिथून बाजूला वर्तुळाच्या मध्यापर्यंत किती, हे दोन आकडे लिहा. मग लांबी आणि रुंदी. दोन आठवड्यांत असं तीनदा करा, आणि आधीचे आकडे दुखणाऱ्याला दाखवू नका.

त्याच बाईंची सीमा मी पुढे या पद्धतीने आखली. मागे 19, उजवीकडे 6, वर्तुळ 3.5 बाय 3. पाच दिवसांनी आणि नंतर पुन्हा, फरक अर्ध्या सेंटिमीटरच्या आतच. तोपर्यंत त्यांचा सहा आठवड्यांचा औषधी शाम्पू वाया गेला होता. नसेचं दुखणं समजून कोणीतरी मानेच्या वर भूल देणारं इंजेक्शनही दिलं होतं. मागचं डोकं वरपर्यंत बधिर झालं, ठणका जागच्या जागी राहिला.

नसेच्या दुखण्याशी फरक इथेच कळतो. मागच्या डोक्याची नस दुखते तेव्हा मानेच्या वरून माथ्याकडे सणक जाते, ती सेकंद-मिनिटांची असते, नसेच्या वाटेवर दाबलं की दुखतं आणि त्या नसेला भूल दिली की तात्पुरतं थांबतं. भुवईवरच्या नसेचं दुखणं तसंच कपाळावर चढतं. म्हणजे नसेच्या दुखण्याचा नकाशा पट्ट्यासारखा असतो. नाण्याचं दुखणं पसरत नाही. मंद ते मध्यम ठणका बहुतेकांना महिनोन्‌महिने राहतो, त्यावर मधूनमधून कळा येतात, पण त्याही वर्तुळातच. क्वचित दोन वर्तुळं असतात. ती वेगवेगळी आखा.

सीमा जुळली तरी एमआरआय टाळू नये, असं माझं ठाम मत आहे. बरोबर त्या वर्तुळाखाली हाडात किंवा मेंदूच्या आवरणात गाठ निघाल्याची उदाहरणं आहेत, आणि ते नाकारल्याशिवाय हे निदान पुरं होतच नाही. बाईंचा एमआरआय स्वच्छ होता. वय 50 च्या पुढे असेल आणि सोबत डोक्याला स्पर्श सहन होत नसेल, चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर धूसर होत असेल, तर नकाशा वगैरे काही न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ती धमनीची सूज असू शकते आणि तिने दृष्टी जाते.

औषध डॉक्टरच ठरवतील. साध्या वेदनाशामकावर काहींचं भागतं, नाहीतर गॅबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलीन किंवा वर्तुळातच बोटुलिनमची इंजेक्शनं वापरतात. बाईंना गॅबापेंटिन रात्री कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवलं आणि दोनेक महिन्यांत ठणका निम्म्यावर आला. औषध चालू असतानाही महिन्यातून एकदा तेच चार आकडे घ्या. ठणका कमी-जास्त होईल. पण वर्तुळ पसरायला लागलं, सरकलं किंवा तिथे उंचवटा हाताला लागला, तर निदान नव्याने तपासायला डॉक्टरांकडे परत जा आणि जुने आकडे सोबत न्या.