मंद पोल खोडून पीआय कंट्रोलर बसवताना या चुका टाळा

प्लांटचा सर्वांत मंद पोल कंट्रोलरच्या शून्याने खोडायचा, उरलेल्या लूपचा वेग आपल्याला हव्या त्या टाइम कॉन्स्टंटवर ठेवायचा आणि त्यावरून गेन काढायचा, ही पद्धत लॅम्डा ट्यूनिंग या नावाने ओळखली जाते. तिचे गणित चार ओळींचे असल्यामुळे ती पटकन आत्मसात होते, आणि सेटपॉइंट बदलून पाहिला की आलेखही देखणा येतो. अडचण बहुधा नंतर, प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाल्यावर दिसते. ती का येते हे एका टाकीच्या उदाहरणावरून पाहू, आणि आकडे सगळीकडे तेच ठेवू.

धातूचे सुटे भाग धुण्यासाठी डिग्रीझिंगची एक टाकी आहे. तिला विजेचा हीटर आणि ढवळणारा पंप आहे, द्रावण ६० अंश सेल्सिअसवर ठेवायचे आहे आणि भोवतालचे तापमान २४ अंश आहे. कंट्रोलर मॅन्युअलवर असताना हीटरचे आउटपुट ४० वरून ५० टक्के केले. पहिले २० सेकंद तापमान हललेच नाही. नंतर ते चढू लागले आणि अखेर ६९ अंशांवर स्थिरावले, त्यातली ६३ टक्के वाढ आउटपुट बदलल्यापासून ९२० सेकंदांनी पूर्ण झाली. यावरून प्लांटचा गेन दर टक्क्याला ०.९ अंश, टाइम कॉन्स्टंट ९०० सेकंद आणि डेड टाइम २० सेकंद मिळतो. क्लोज्ड लूपचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे लॅम्डा, ८० सेकंद निवडला तर:

```
Ti = τ = 900 s
Kc = τ / (K (λ + θ)) = 900 / (0.9 × 100) = 10 %/°C
```

पहिली चूक याच सूत्रात होते. अनेकजण छेदात फक्त लॅम्डा लिहितात आणि डेड टाइम सोडून देतात. लॅम्डा ८० असेपर्यंत फारसे काही बिघडत नाही. पण लूप अधिक वेगवान हवा म्हणून लॅम्डा २० केला आणि छेदात तेवढेच ठेवले, तर गेन ५० होतो आणि फेज मार्जिन जेमतेम ३३ अंश उरतो. डेड टाइम धरून तोच लॅम्डा घेतला तर गेन पंचवीस येतो आणि फेज मार्जिन ६१ अंशांच्या आसपास राहतो. पोल खोडल्यावर लूपमध्ये फक्त एक इंटिग्रेटर आणि डेड टाइम उरतात, त्यामुळे लूप किती वेगवान करता येईल हे हीटर नव्हे तर डेड टाइम ठरवतो. माझ्या मते लॅम्डा डेड टाइमपेक्षा कमी घेण्याचे धाडस करू नये. चाचणी एकदाच झाली असेल किंवा टाकीतली पातळी बदलत असेल, तर डेड टाइमच्या तिप्पट-चौपट लॅम्डा घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. आपल्या टाकीत सेटपॉइंट ६० वरून ६५ केला की साधारण साडेपाच मिनिटांत तापमान ओव्हरशूटशिवाय तिथे जाऊन बसते. हे पाहून ट्यूनिंग झाले असे मानणे ही दुसरी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण अशा टाकीचा सेटपॉइंट दिवसातून एखाद्या वेळीच बदलतो, तर भार सतत बदलत असतो. समजा थंड भागांच्या टोपल्या एकामागून एक बुडवायला सुरुवात झाली आणि त्यामुळे हीटरच्या १० टक्के क्षमतेएवढी उष्णता सतत खेचली जाऊ लागली. कंट्रोलर नसता तर तापमान हळूहळू ९ अंशांनी घसरले असते. कंट्रोलर असल्यामुळे ते साडेतीन-चार मिनिटांत सुमारे ०.८ अंशाने खाली येऊन थांबते, ही गोष्ट चांगलीच आहे. पण तिथून वर येताना ते रेंगाळते. पंधरा मिनिटांनी अजून ०.४ अंशाची तूट असते आणि अर्ध्या तासानेही ०.१५ अंशाची. ८० सेकंदांचा म्हणून बसवलेला लूप इथे ९०० सेकंदांच्या चालीने चालतो.

याचे कारण असे, की खोडलेला पोल नाहीसा झालेला नसतो. सेटपॉइंटकडून येणारा संकेत कंट्रोलरमधून जातो, तिथल्या शून्याची आणि प्लांटच्या पोलची गाठ पडते आणि दोन्ही एकमेकांना रद्द करतात. भार मात्र कंट्रोलरनंतर, थेट प्लांटच्या तोंडाशी आत येतो. त्याच्या वाटेवर तो शून्य नसतो, म्हणून टाकीची मूळची ९०० सेकंदांची चाल त्याच्या प्रतिसादात जशीच्या तशी दिसते.

कंट्रोलरच्या आत डोकावले तर हे अधिक स्पष्ट होते. नवा भार पेलण्यासाठी आउटपुट १० टक्क्यांनी वाढायला हवे. पंधराव्या मिनिटाला तूट ०.४ अंश आहे, म्हणजे प्रपोर्शनल भागाकडून ४ टक्के मिळत आहेत आणि इंटिग्रल भागाने तोवर ६ टक्के जमवले आहेत. बेरीज जुळते, म्हणून तापमान जवळजवळ स्थिर दिसते, आणि तूट भरून काढायला जोरच उरत नाही. त्या घटकेला इंटिग्रलची वाढ १० भागिले ९०० गुणिले ०.४, म्हणजे मिनिटाला जेमतेम पाव टक्का एवढीच असते. इंटिग्रल जसजसा वाढतो तसतशी तूट घटते, आणि तूट घटल्यामुळे इंटिग्रलची वाढ आणखी मंदावते. ट्रेंडवर सेटपॉइंटच्या खाली तासन्‌तास टेकून चालणारी रेषा दिसली की ऑपरेटर सेन्सरच्या कॅलिब्रेशनवर संशय घेतात. खरे कारण बहुधा हेच असते.

उपाय गेनमध्ये नाही, इंटिग्रल टाइममध्ये आहे. नॉर्वेतील प्राध्यापक सिगर्ड स्कोगेस्टाड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार गेन वरच्याच सूत्राने काढायचा, पण इंटिग्रल टाइम म्हणून प्लांटचा टाइम कॉन्स्टंट आणि लॅम्डा अधिक डेड टाइम यांच्या बेरजेची चौपट, या दोहोंपैकी लहान संख्या घ्यायची.

```
Ti = min( τ, 4 (λ + θ) ) = min( 900, 400 ) = 400 s
```

गेन १० ठेवून इंटिग्रल टाइम ४०० केला की त्याच भाराखाली तापमान पूर्वीइतकेच, म्हणजे पाऊण अंशाच्या आसपास, खाली जाते. पण पंधरा मिनिटांनी तूट ०.४ ऐवजी ०.१ अंश उरते आणि अर्ध्या तासाने ती मोजण्यापलीकडे जाते. तळ किती खोल जाणार हे गेन ठरवतो आणि तिथून वर यायला किती वेळ लागणार हे इंटिग्रल टाइम ठरवतो, हे इथे वेगवेगळे दिसते. याची किंमत म्हणजे सेटपॉइंट बदलल्यावर आता सहा-सात टक्के ओव्हरशूट येतो, ५ अंशांच्या बदलाला सुमारे एक तृतीयांश अंश. तो नको असेल तर कंट्रोलरमध्ये सेटपॉइंट वेटिंगची सोय असल्यास ते एकपेक्षा कमी करावे, किंवा सेटपॉइंट एकदम न बदलता रॅम्पने न्यावा. ओव्हरशूट घालवण्यासाठी इंटिग्रल टाइम पुन्हा ९०० वर नेऊ नये. प्लांटचा टाइम कॉन्स्टंट त्या चौपटीपेक्षा लहान असेल, तर मात्र मूळ पद्धतच योग्य आहे आणि पोल निःशंकपणे खोडावा.

भाराचा प्रतिसाद तपासण्यासाठी टोपल्यांची वाट पाहावी लागत नाही. तापमान सेटपॉइंटवर स्थिर असताना कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यावा, आउटपुट ४० वरून ३० टक्के करावे आणि लगेच पुन्हा ऑटोवर टाकावे. मॅन्युअलमधून ऑटोवर येताना आउटपुटला धक्का बसू नये म्हणून कंट्रोलर आपला इंटिग्रल त्या ३० टक्क्यांशी जुळवून घेतो, आणि मग टाकीला जे अनुभवावे लागते ते १० टक्के भार वाढल्यासारखेच असते. बॅच चालू असताना मात्र हे करू नये. ही चाचणी मी सेटपॉइंटच्या चाचणीआधी करतो, आणि प्रत्येकाने तसे करावे असे मला मनापासून वाटते.

याउलट एका बाबतीत लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात. टाइम कॉन्स्टंट ९०० आहे की १००० हे नक्की करण्यासाठी चाचणी चार-चार वेळा केली जाते. गेन १० ठेवून इंटिग्रल टाइम चुकून १२०० झाला, तरी सेटपॉइंटच्या प्रतिसादात शेवटचे तीन टक्के सावकाश सरकण्यापलीकडे काही दिसत नाही. लूपचा वेग टाइम कॉन्स्टंट आणि प्लांटचा गेन यांच्या गुणोत्तरावर, म्हणजे हीटर वाढवल्यावर सुरुवातीला तापमान कोणत्या वेगाने चढते त्यावर अवलंबून असतो. तो चढ नीट मोजला तर पोल काटेकोर जुळला नाही तरी चालते.

यापुढची चूक आकडे कंट्रोलरमध्ये भरताना होते. काही कंट्रोलर गेन आणि इंटिग्रल टाइम मागतात, काही Kp आणि Ki हे दोन स्वतंत्र गुणांक मागतात, आणि काही गेनऐवजी प्रपोर्शनल बँड मागतात. दुसऱ्या प्रकारात Ki म्हणजे गेन भागिले इंटिग्रल टाइम, आपल्या आकड्यांत १० भागिले ४००, म्हणजे ०.०२५. इथे लूप थोडा सौम्य करावा म्हणून फक्त Kp निम्मा केला, तर इंटिग्रल टाइमही नकळत निम्मा, २०० सेकंद होतो आणि लूप सौम्य होण्याऐवजी डोलू लागतो. दोन्ही गुणांक एकाच प्रमाणात बदलावे लागतात. प्रपोर्शनल बँड असेल तर सेन्सरची रेंज पाहावी, कारण ० ते १०० अंशांच्या रेंजवर आपला गेन म्हणजे १० टक्के बँड, तर ० ते २०० च्या रेंजवर तोच गेन ५ टक्के बँड होतो. इंटिग्रल टाइम सेकंदांत आहे की मिनिटांत हेही आधीच पाहून ठेवावे.

शेवटी हीटरची मर्यादा. सेटपॉइंट एकदम १० अंशांनी वाढवला की गेन १० असल्यामुळे कंट्रोलर १०० टक्क्यांची जादा मागणी करतो, पण ४० टक्के आधीच खर्चात असल्याने हीटरकडे फक्त ६० शिल्लक असतात. त्या काळात लूप उघडाच असतो आणि लॅम्डाला अर्थ राहत नाही. अशा वेळी इंटिग्रल साठत राहिला तर तापमान सेटपॉइंट ओलांडून बरेच वर जाते, आणि ते खाली आणायला या टाकीकडे थंडाव्याची सोय नाही. हीटर पूर्ण बंद ठेवूनही ७० वरून ६० वर यायला जवळपास चार मिनिटे लागतात. ओव्हरशूट दिसला की आधी आउटपुटचा ट्रेंड उघडावा. तो १०० किंवा ० वर सपाट झालेला असेल तर गेनला हात लावू नये. अँटी-वाइंडअप सुरू आहे का आणि त्याच्या मर्यादा हीटरच्या खऱ्या मर्यादांशी जुळतात का, हे पाहावे.