मधुमेह असलेल्या घरच्या मोठ्यांचा आंब्याचा आठवडा: एक बाजू, एक कोय आणि एक पोळी कमी

माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. माहेर राजापूरकडचं, त्यामुळे आंबा हे त्यांच्यासाठी नुसतं फळ नाही. मधुमेह १८ वर्षांपासूनचा. सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन अशा गोळ्या चालू आहेत. मध्ये दोन उन्हाळे आम्ही त्यांचा आंबा पूर्ण बंद केला होता. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या खोलीतल्या केराच्या डब्यात कागदात गुंडाळलेल्या दोन कोयी सापडल्या. मला त्यांचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. त्या दिवशी ठरवलं की आंबा द्यायचा, उघडपणे आणि मोजून द्यायचा. तेव्हापासून जी पद्धत बसली, ती इथे सांगते.

सुरुवात आंब्यापासून नाही, ग्लुकोमीटरपासून

पहिला आंबा घरात येण्याआधी चार दिवस नेहमीच्या जेवणाचे आकडे घ्या. जेवायला बसण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. सासूबाईंचे आमच्याकडचे आकडे जेवणाआधी १२० ते १३५ आणि नंतर १६५ ते १८० असे येत होते, म्हणजे साधी वरण-भात-पोळीही ४५-५० नी साखर वाढवत होती. हीच आपली फूटपट्टी. आंब्याच्या दिवशीही वाढ एवढीच राहिली, तर प्रमाण बरोबर आहे असं समजायचं. जेवणानंतर १८० च्या आत असावं असं बहुतेक डॉक्टर सांगतात, पण खूप वयस्कर किंवा नाजूक प्रकृतीच्या माणसाला थोडी जास्तीची मुभा देतात. तुमच्या घरचा आकडा तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

आंबा कापायचा कसा

सगळी गोष्ट इथे आहे. १०० ग्रॅम पिकलेल्या गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातली जवळजवळ सगळी साखरच असते. मध्यम आकाराची घडीची पोळी १८-२० ग्रॅम कर्बोदकं देते. म्हणजे १०० ग्रॅम आंबा खायचा असेल, तर त्या जेवणातली एक पोळी कमी व्हायला हवी. आंबा पोळीच्या जागी येतो, पोळीच्या वर नाही.

पण घरात कोणी १०० ग्रॅम असं ताटात वाढत नाही. म्हणून मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २५० ग्रॅमचा हापूस सगळा सुटा करून मोजला. एका बाजूच्या फोडीत ६० ग्रॅमच्या आसपास गर निघाला, दुसऱ्या बाजूला तेवढाच, आणि कोयीला चिकटलेला ३५ ग्रॅम. आपण इथेच चुकतो. 'अर्धाच आंबा दिला' म्हणतो आणि वर कोय चोखायला देतो, ती हिशेबातच धरत नाही.

आता आमच्याकडे वाटा ठरलेला आहे: एक बाजू आणि कोय सासूबाईंची, दुसरी बाजू घरातल्या दुसऱ्या कोणाची. बाजू आणि कोय मिळून त्यांच्या पोटात ९५ ग्रॅमच्या आसपास जातं. कोय चोखायला मिळते याचं त्यांना फोडीपेक्षा जास्त समाधान आहे, आणि चोखण्यात वेळ जातो तो चांगलाच. दुसरी बाजू मात्र लगेच कोणीतरी खाऊन टाकावी. झाकून ठेवली की 'वाया जाईल' म्हणून संध्याकाळी तीही त्यांच्याच पोटात जाते. पेटी घेताना लहान फळांची घ्या. मोठ्या आंब्याची एक बाजूसुद्धा हा हिशेब बिघडवते.

आठवडा कसा लावायचा

तीन दिवस पिकलेला आंबा, चार दिवस कैरी. आमच्याकडे मंगळवार, शुक्रवार आणि रविवार आंब्याचे आहेत. रोज न दिल्यामुळे आंब्याच्या आणि बिनआंब्याच्या दिवसांचे आकडे शेजारी ठेवून बघता येतात.

कैरीत साखर फारच थोडी असते, आंबटपणा आणि स्टार्च जास्त असतो. पिकताना हाच स्टार्च साखर होतो. म्हणून कैरी घट्ट, हिरवी आणि आतून पांढरट बघून घ्या. आतून पिवळी झालेली, पाडाला आलेली कैरी मधल्या घरातली, ती कैरीच्या हिशेबात धरू नका.

कैरीमुळे साखर फारशी वाढत नाही, वाढते ती तिच्यात घातलेल्या गुळाने. मेथांबा, गुळांबा, कायरस आणि नेहमीचं पन्हं, सगळ्यांत गूळ असतो आणि गूळ रक्तातली साखर साखरेइतकीच वाढवतो. 'गुळाचं चालतं' हे मी अनेक घरांत ऐकलंय, ते खरं नाही.

सोमवारी कैरीची डाळ. एक वाटी हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटायची, अर्धी वाटी किसलेली कैरी, मीठ, ओलं खोबरं, आणि मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरचीची फोडणी. चैत्रातल्या हळदीकुंकवाला करतो तीच, फक्त चिमूटभर साखर घालायची सवय सोडायची. कच्ची डाळ म्हाताऱ्या पोटाला जड जाते, गुबारा धरतो. म्हणून मी वाटलेली डाळ फोडणीवर टाकून झाकण ठेवते, दोन-तीन वाफा आल्या की उतरवते आणि कैरी मग घालते. एक वाटी डाळ आणि एक पोळी, एवढं जेवण पुरतं.

बुधवारी तुरीच्या आमटीत चिंच-गुळाऐवजी कैरीच्या चार फोडी. गुरुवारी ज्वारीच्या भाकरीबरोबर तक्कू: कैरी आणि कांदा किसून, तिखट-मीठ आणि फोडणी. शनिवारी पन्हं: उकडलेल्या कैरीचा दोन चमचे गर, पेलाभर गार पाणी, जिरेपूड, चिमूट मीठ आणि पुदिना ठेचून. पहिल्या दिवशी सासूबाईंनी 'हे काय पन्हं?' म्हणून पेला बाजूला ठेवला. जिरं भाजून घातलं आणि पुदिना वाढवला, तेव्हा तिसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतः मागितलं. ताजं लोणचं जेवणात चमचाभरच. त्यात साखर नसली तरी मीठ भरपूर असतं आणि या वयात रक्तदाब बहुतेकांच्या बरोबर असतोच.

मंगळवारी दुपारच्या जेवणात आंब्याचा ठरलेला वाटा, दोनऐवजी एक पोळी, भात नाही. शुक्रवारी जेवण नेहमीसारखं आणि आंबा चार वाजता, चहा-बिस्किटांच्या जागी, बरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्रीच्या जेवणानंतर गोड म्हणून आंबा आम्ही देत नाही. त्यानंतर हालचाल होत नाही आणि दोन तासांनी आकडा घ्यायला कोणी जागं राहत नाही.

रविवारचा रस

रस सगळ्यांत अवघड. फोड चावून खाताना किती खाल्लं ते कळतं, रस वाटीवाटीने जातो. पूर्वीचं आमचं रविवारचं ताट मी एकदा मांडून बघितलं: दोन वाट्या रस, त्यात दोन चमचे साखर, चार पुऱ्या, थोडा भात, एक कुरडई. हिशेब १२० ग्रॅम कर्बोदकांपर्यंत गेला, म्हणजे सहा पोळ्या एका बैठकीत.

आताचं ताट असं: अर्धी वाटी रस, बिनसाखरेचा, हाताने पिळलेला, त्यावर चमचाभर तूप आणि चिमूट सुंठ. एक पोळी. एक वाटी मटकीची उसळ. काकडीची कोशिंबीर, ताक. सगळं मिळून ५० ग्रॅमच्या आत-बाहेर. दूध घालून रस वाढवायचा नाही आणि डब्यातला विकतचा रस आणायचा नाही, त्यात बहुतेकदा साखर घातलेली असते. वाढतानाही क्रम ठेवते, कोशिंबीर आणि उसळ अर्धी होईपर्यंत रसाची वाटी येत नाही. पोटात आधी कडधान्य आणि चोथा गेला की साखर रक्तात हळू चढते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात फेऱ्या. या ताटावर जेवणाआधी १२८ आणि दोन तासांनी १७६ आले. नेहमीच्या जेवणाएवढीच वाढ.

आमच्या हातून झालेल्या दोन चुका

एका मंगळवारी दोन तासांनी आकडा आला २९१. घाबरून मी डॉक्टरांना फोन लावणार, तेवढ्यात सासूबाईंची बोटं बघितली. कोय चोखून हात नुसते पदराला पुसलेले, बोटाला वास तसाच. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून दुसऱ्या बोटातून थेंब घेतला, तर १८२. बोटावर राहिलेला रस थेंबात मिसळतो आणि यंत्र त्याचीही साखर मोजतं. आंब्याच्या दिवसांत हात साबणाने धुतल्याशिवाय पट्टी लावायची नाही. हात सॅनिटायझरने पुसणंही पुरत नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर होती. शुक्रवारी आंबा मिळणार म्हणून त्यांनी सकाळचा नाश्ता टाळला, गोळी मात्र घेतली. साडेबारा वाजता घाम, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ. आकडा ६४. ७० च्या खाली आलं की लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायची आणि मग जेवण. अशा वेळी आंबा देऊ नये, तो तेवढा लवकर काम करत नाही. माणूस गिळण्याच्या शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने आंब्यासाठी 'जागा करायला' जेवण कधीही टाळू नये. पोळी एक कमी करायची, ताट रिकामं ठेवायचं नाही.

कधी थांबायचं

सकाळची उपाशीपोटीची साखर सलग तीन दिवस १८० च्या वर राहिली, ताप किंवा जंतुसंसर्ग झाला, किंवा दम्यासाठी वगैरे स्टिरॉइड सुरू झालं, तर आंबा त्या दिवसांपुरता थांबवा, डॉक्टरांना कळवा आणि कैरीवर राहा. पित्ताचा त्रास असेल तर कैरीही कमी. मूत्रपिंड कमजोर असेल, तर आंब्यातल्या पोटॅशियमबद्दल डॉक्टरांना आधी विचारायलाच हवं. आंबापोळीत तोच रस आटवून, वाळवून घट्ट केलेला असतो. बोटभर तुकड्यातही बरीच साखर येते, म्हणून ती आमच्याकडे या हिशेबाच्या बाहेरच आहे.

आकडे मी कॅलेंडरवरच लिहिते, आंब्याच्या दिवसाभोवती गोल करून. जूनमध्ये पाऊस सुरू झाला, पेट्या संपल्या, की ती तीन पानं फाडून पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे नेते.