सारख्या गुणांना सारखा क्रमांक आणि पुढचा क्रमांक बरोबर सोडणारे सूत्र

दोन मुलांना सारखेच गुण पडले की आपण ‘दुसरा क्रमांक विभागून’ म्हणतो. त्यानंतरच्या मुलाचा क्रमांक चौथा, तिसरा नाही. कारण साधे आहे: त्याच्या पुढे तीन जण आहेत. क्रमांक म्हणजे ‘माझ्यापुढे किती जण, अधिक एक’. एक्सेलमधले सूत्र नेमके हेच मोजते का, एवढे पाहिले की निकालपत्रकातल्या बहुतेक चुका सापडतात.

समजा, नाशिकमधल्या पंचवटीच्या एखाद्या शाळेतली नववीची एक तुकडी आहे. निकाल ५०० गुणांपैकी आहे. सोयीसाठी आठच मुले घेऊ, आणि हजेरीपटावर असतात तशी नावाच्या क्रमाने. दुसऱ्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत माहिती आहे. `B` स्तंभात नाव, `C` मध्ये एकूण गुण, `D` मध्ये निकाल आणि `E` मध्ये क्रमांक.

| ओळ | नाव | एकूण | योग्य क्रमांक |
|---|---|---|---|
| २ | ओंकार | ४४७ | २ |
| ३ | गौरी | ४३१ | ४ |
| ४ | तन्मय | ३९८ | ७ |
| ५ | पूजा | ४६२ | १ |
| ६ | श्रावणी | ४३१ | ४ |
| ७ | समीर | AB | – |
| ८ | सायली | ४४७ | २ |
| ९ | हर्षद | ४३१ | ४ |

दुसरा क्रमांक दोघांत विभागला म्हणून तिसरा गेला. चौथा तिघांत विभागला म्हणून पाचवा आणि सहावा गेला. तन्मय सातवा. शीटमध्ये गुण भरताना मात्र 447 असे इंग्रजी अंकच वापरा.

पहिली पायरी: तयार सूत्र

`E2` मध्ये हे टाका आणि खाली ओढा:

```
=RANK.EQ(C2,$C$2:$C$9,0)
```

शेवटचे `0` म्हणजे सर्वांत जास्त गुणांना पहिला क्रमांक. `RANK.EQ` सारख्या गुणांना सारखा क्रमांक देते आणि पुढचे क्रमांक आपोआप सोडते. जुन्या एक्सेलमध्ये नुसते `RANK` असते, तेही हेच करते. यादीत शेजारीच `RANK.AVG` दिसते, त्याला हात लावू नका. ते ओंकार आणि सायलीला प्रत्येकी २.५ देईल, आणि असा क्रमांक कुठल्याच प्रगतिपुस्तकात बसत नाही.

आता `$` कडे नीट बघा. ते विसरले की सूत्र खाली ओढताना गुणांची कक्षाही एकेक ओळ खाली सरकते. तिसऱ्या ओळीत ती `C3:C10` होते, नवव्या ओळीत `C9:C16`. म्हणजे हर्षदची तुलना फक्त स्वतःशी आणि खालच्या रिकाम्या चौकटींशी होते, आणि चौथा हर्षद पहिला येतो. वरच्या तक्त्यात `$` काढून पाहा: ओंकार २, गौरी ३, तन्मय ५, पूजा १, श्रावणी २, सायली १, हर्षद १. तीन जण पहिले! आठ मुलांत हे लगेच डोळ्यांत भरते, साठ मुलांच्या तुकडीत नाही. त्यातही वरच्या काही ओळी बऱ्याचदा बरोबर येतात, आणि नेमक्या त्याच ओळी आपण तपासतो. म्हणून शेवटच्या ओळीवर जाऊन `F2` कळ दाबा. रंगीत चौकट पहिल्या मुलापासून शेवटच्यापर्यंत पसरलेली दिसली पाहिजे.

समीरच्या ओळीत `#VALUE!` येईल, कारण AB हा मजकूर आहे. बाकीच्यांचे क्रमांक त्याने बिघडत नाहीत, `RANK.EQ` कक्षेतला मजकूर सोडून देते.

दुसरी पायरी: नापास मुले असतील तेव्हा

खरा घोळ इथे होतो. बहुतेक ठिकाणी क्रमांक फक्त उत्तीर्ण मुलांना देतात. समजा, ओंकारला एकूण ४४७ आहेत पण गणितात तो नापास आहे. निकालपत्रक करणारा त्याच्यापुढचा क्रमांक हाताने पुसतो आणि काम झाले असे समजतो. पण `RANK.EQ` ला ते कळत नाही, ते ओंकारला मोजतच राहते. मग नोटीस बोर्डावर काय दिसते? पूजा पहिली, सायली एकटीच दुसरी, आणि त्यानंतर एकदम चौथा क्रमांक. तिसरा कुठे गेला, असे गौरीचे पालक विचारणारच, आणि त्यांचे बरोबर असेल.

म्हणून ‘माझ्यापुढे किती जण’ हे आपणच मोजायचे, अटीसकट:

```
=IF(AND(ISNUMBER(C2),D2="उत्तीर्ण"),
 COUNTIFS($C$2:$C$9,">"&C2,$D$2:$D$9,"उत्तीर्ण")+1,"–")
```

`COUNTIFS` ज्यांचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत आणि जे उत्तीर्ण आहेत, एवढेच मोजते. त्यात एक मिळवला की क्रमांक झाला. सारखे गुण असलेले एकमेकांना ‘जास्त’ मोजत नाहीत म्हणून त्यांचा क्रमांक सारखा येतो. पण त्यांच्या मागच्याला ते सगळेच मोजले जातात म्हणून त्याचा क्रमांक तेवढा पुढे सरकतो. क्रमांक सोडण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ओंकार नापास धरून हातानेच मोजून बघा. गौरीपुढे पूजा आणि सायली, म्हणजे २ अधिक १, तिसरी. श्रावणी आणि हर्षदही तिसरे. तन्मयपुढे पाच जण, म्हणून तो सहावा. ओंकार आणि समीरच्या ओळीत नुसती रेघ येते.

यात एकच नाजूक जागा आहे, `उत्तीर्ण` हा शब्द. कुणी ‘उत्तिर्ण’ लिहिले किंवा शब्दानंतर एक स्पेस सोडली, तर सूत्राच्या दृष्टीने ते मूल उत्तीर्ण नाही. त्याच्या ओळीत रेघ येईल आणि त्याच्या मागच्या सगळ्यांचा क्रमांक एकाने सुधारेल. एकही त्रुटी न दाखवता. `D` स्तंभ हाताने भरत असाल तर डेटा व्हॅलिडेशनमधून यादी लावा, म्हणजे शब्द टाइप न करता निवडता येईल.

दोन तुकड्या एकाच शीटमध्ये असतील आणि `G` मध्ये तुकडीचे अक्षर असेल, तर `COUNTIFS` मध्ये `$G$2:$G$9,G2` ही जोडी वाढवा. मग प्रत्येक तुकडीत क्रमांक एकपासून सुरू होईल.

एका सूत्रापासून सावध

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार निकालपत्रकांत कधी कधी हे सूत्र असते:

```
=SUMPRODUCT(--($C$2:$C$9>C2))+1
```

सगळे गुण आकड्यांत असतील तर उत्तर बरोबर येते. पण `>` ने तुलना करताना एक्सेल कोणताही मजकूर कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा धरते. म्हणजे गैरहजर समीरचा AB पूजाच्या ४६२ पेक्षा मोठा! मग पूजा दुसरी येते आणि पहिला क्रमांक गैरहजर समीरच्या ओळीत दिसतो. तुकडीत चार जण गैरहजर असतील तर हजर मुलांची यादी पाचव्या क्रमांकापासून सुरू होते. `COUNTIFS` मध्ये हा दोष नाही, `">"&C2` या अटीत ते फक्त आकडेच मोजते.

गुण सारखे दिसतात, क्रमांक वेगळे येतात

एकूण गुणांवर क्रमांक काढला तर ही अडचण सहसा येत नाही. अर्ध्या गुणांनीही बिघडत नाही, कारण .५ हा अपूर्णांक संगणक अचूक साठवतो. अडचण येते ती सत्रांना भार दिला की. प्रथम सत्राचे ३० टक्के आणि द्वितीय सत्राचे ७० टक्के धरून एकाचे ८३.१०४ आणि दुसऱ्याचे ८३.०९६ आले, तर दोन दशांशांच्या चौकटीत दोघांचेही ८३.१० दिसतात. सूत्र मात्र आतला आकडा बघते आणि एकाला वर ठेवते. चौकटीचे फॉरमॅट बदलून आतला आकडा बदलत नाही. शेकडा काढतानाच पूर्णांकन करायचे (इथे प्रथम सत्र `H`, द्वितीय `I`):

```
=ROUND(H2*0.3+I2*0.7,2)
```

आणि क्रमांक या चौकटीवरून काढायचा. कागदावर बरोबरीचे असलेले दोन शेकडे संगणकात पंधराव्या-सोळाव्या अंकात वेगळे निघण्याची शक्यता असते, तीही यानेच मिटते. किती दशांशांपर्यंत बरोबरी मानायची, हे शाळेने आधी ठरवायचे आणि निकालपत्रकावरही तेवढेच दशांश छापायचे.

छापण्यापूर्वी

‘विभागून’ हा शब्द हवा असेल तर तो क्रमांकाच्या चौकटीत घालू नका, `F` स्तंभात वेगळा काढा:

```
=IF(ISNUMBER(E2),E2&IF(COUNTIF($E$2:$E$9,E2)>1," (विभागून)",""),"–")
```

`ISNUMBER` ची अट गाळली तर रेघा असलेली दोन मुले ‘– (विभागून)’ अशी छापून येतात.

मग कुठल्याही रिकाम्या चौकटीत ही तपासणी टाका:

```
=MAX(E2:E9)+COUNTIF(E2:E9,MAX(E2:E9))-1=COUNT(E2:E9)
```

शेवटचा क्रमांक आणि तो विभागून घेणारी मुले यांचा हिशेब क्रमांक मिळालेल्या एकूण मुलांशी जुळला पाहिजे. ओंकार नापास असताना शेवटचा क्रमांक सहा, त्यावर एकच मुलगा, आणि क्रमांक मिळालेली मुलेही सहा: `TRUE`. `RANK.EQ` वापरले असेल तर समीरच्या ओळीतले `#VALUE!` आधी पुसा, नाहीतर तपासणीतही `#VALUE!` येईल. मग `$` विसरलेल्या यादीत डावीकडे ५ येतात आणि उजवीकडे ७. हाताने पुसलेल्या यादीत ७ आणि ६, `SUMPRODUCT` वाल्या यादीत समीरचा क्रमांक पुसून पाहिला तर ८ आणि ७. तिन्ही वेळा `FALSE`.

‘उत्तिर्ण’ची चूक मात्र यात पकडली जात नाही, कारण ते मूल दोन्ही बाजूंनी गळते. विषयाचा एखादा गुण मजकूर म्हणून बसला असेल तर तीही चूक निसटते: `SUM` तो गुण बेरजेत धरत नाही, आणि मुलाचे एकूण गुणच कमी येतात. असा गुण चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो. तो स्तंभ निवडून डेटा मेनूतले टेक्स्ट टू कॉलम्स उघडा आणि काहीही न बदलता फिनिश दाबा, मजकुराचे आकडे होतात. उत्तीर्ण मुलांची संख्या वर्गशिक्षकांच्या वहीतून घ्या आणि `COUNT(E2:E9)` शी ताडून बघा. ती संख्या शीटमधूनच काढली तर तीच चूक दोन्हीकडे राहील.